सतरा पायऱ्यांचा जिना

घोडबंदर रोडवरच्या इमारतींची माहितीपत्रकं लिहून मी कित्येक वर्षं पोट भरलं आहे. सतराव्या मजल्यावरच्या खिडकीतून येऊरच्या डोंगराची निमुळती पट्टी दिसत असली तरी ‘निसर्गाच्या कुशीत’ असं छापायचं, खाली दोन झाडं लावलेली असली की ‘हिरवाईने नटलेला परिसर’. हे सगळं मी मन लावून लिहिलं आणि पैसेही मोजून घेतले. त्यामुळे कल्याणच्या पारनाक्यावरच्या एका घराचा परिच्छेद दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला तेव्हा पहिल्याच ओळीत जुनी ओळख निघाली.

घर माझ्या मैत्रिणीच्या सासरच्यांचं. कौलारू, मधे चौक, चौकात विहीर. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, घरात काका-काकू दोघंच. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचं त्यांनी दीडेक वर्षापूर्वी ठरवलं. पर्यटन खात्याच्या योजनेत याला ‘निवास न्याहारी’ असं नाव आहे, मुलगा ‘होमस्टे’ म्हणतो आणि काकू म्हणतात, “आमच्याकडे माणसं उतरतात.” मुलाने घराची माहिती टाकली होती ती अशी:

“निसर्गाच्या कुशीत, ऐतिहासिक कल्याण नगरीच्या हृदयात वसलेले आमचे निवासस्थान म्हणजे शांतता आणि आपुलकी यांचा अनोखा संगम! सर्व आधुनिक सोयीसुविधांनी सुसज्ज खोल्या, घरगुती चवीचे रुचकर भोजन आणि अगत्यशील आदरातिथ्य यांमुळे आपले वास्तव्य अविस्मरणीय ठरेल. घरापासून दूर, आपले दुसरे घर! एकदा अवश्य भेट द्या.”

मुलाची तक्रार एवढीच होती की हे ‘थोडं कोरडं’ वाटतं, ‘जरा गोडवा’ आणून हवा. मी त्यातलं ‘कल्याण’ खोडून ‘मुरूड’ लिहिलं आणि त्याला परत पाठवलं. मग ‘महाबळेश्वर’ लिहून पाठवलं. दोन्ही ठिकाणी परिच्छेद चपखल बसला. खरं सांगायचं तर तिथे तो जास्तच चपखल बसला, कारण पारनाक्यावर निसर्गाची कूस शोधायला गेलं तर विहिरीच्या कठड्यावरची तुळस सापडते. त्याने एक हसरा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, “बरं, मग तुम्ही घरी जाऊन बघाच.”

गेले. आणि पहिल्याच दिवशी चुकीचा प्रश्न विचारला. “काकू, तुमच्या घराचं वैशिष्ट्य काय?” काकूंनी पदर सावरला, आवाज बदलला आणि म्हणाल्या, “आमच्याकडे घरगुती वातावरण असतं.” वैशिष्ट्य विचारलं की माणूस व्यासपीठावर चढतो आणि तिथून ऐकलेलीच वाक्यं बोलतो. त्यांच्या तोंडून मला माझीच माहितीपत्रकं ऐकू यायला लागली. मी वही मिटली आणि पाहुण्यांची नोंदवही मागितली.

उतरणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, आल्या-गेल्याची वेळ हे लिहून ठेवावंच लागतं. काका निवृत्त हिशेबनीस, त्यामुळे वही देखणी होती. मागच्या सहा महिन्यांच्या चाळीसेक नोंदी होत्या. ‘येण्याचं कारण’ असा रकाना त्यात नव्हता, पण काकूंना प्रत्येक माणूस आठवत होता. मी नाव वाचायचं आणि त्यांनी सांगायचं. हे लग्नाला आलेले, मुलीकडचे. हा मुलगा परीक्षेला, रात्रभर दिवा जाळत होता. ही दोघं नाशिककडून येऊन पहाटे पुण्याकडे जाणारी. हे चौघं गोरखगडवाले, पाठीवर केवढाल्या पिशव्या. हे गृहस्थ कॅनडाचे. लहानपणी इथल्याच चाळीत राहायचे, चाळ पडली म्हणून रिकामी जागा बघायला आले आणि दोन दिवस नुसते फिरत राहिले. पुन्हा लग्न. पुन्हा पहाटेची गाडी.

शेवटच्या पानाशी आलो तेव्हा लक्षात आलं की चाळीसपैकी एकही माणूस कल्याण ‘बघायला’ आला नव्हता.

हे कळायला मला नोंदवही लागावी याची लाज वाटली, कारण मी डोंबिवलीची. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे १८५४ साली कल्याणला पोचली आणि पुढे इथूनच तिला दोन फाटे फुटले: एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. तेव्हापासून कल्याण हे गाडी बदलण्याचं गाव आहे. इथे जो रात्र काढतो, त्याला दुसऱ्या दिवशी कुठेतरी दुसरीकडे जायचं असतं. अशा माणसाला ‘अविस्मरणीय वास्तव्य’ नको असतं. त्याला पहाटे रिक्षा मिळेल का, हे हवं असतं. आमच्या परिच्छेदात सगळं होतं, फक्त तो वाचणारा माणूस नव्हता.

जुन्या तीर्थक्षेत्रांत दारावर पाटी असायची, ‘येथे उतरण्याची सोय आहे’. पाटी रंगवणाऱ्याला अक्षरागणिक पैसे द्यावे लागत असतील म्हणून असेल, पण तिच्यात एकही विशेषण नसे आणि यात्रेकरूला हवं ते सगळं असे. आज ज्या कंपनीच्या नावाने जगभर लोक एकमेकांच्या घरी उतरतात तिचीही सुरुवात अशीच झाली. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक परिषद होती, हॉटेलं भरलेली होती, आणि दोन मित्रांनी आपल्या भाड्याच्या घरात हवेच्या गाद्या टाकून जागा देऊ केली. परिषद, गादी, न्याहारी. गोडवा नंतर आला.

पण मलाही गोडव्याचा मोह झालाच. पहिला खर्डा मी त्याच आठवड्यात लिहिला आणि तो वाईट होता, हे आता कबूल करते. पोकळ शब्द टाळायचे म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेले होते. चौकातल्या प्राजक्ताचा सडा, आजेसासूबाईंचा पितळी स्टोव्ह, पाटावरवंट्याचा आवाज, संकष्टीचे उकडीचे मोदक. एकेक तपशील खरा होता, मी स्वतः बघितलेला किंवा काकूंनी सांगितलेला. मला वाटलं, जमलं.

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, “हे वाचून लोक आपल्याला बघायला येतील. झोपायला नाही.”

काकूंची हरकत आणखी नेमकी होती. “मोदक लिहिलेस तर आता करावे लागतील. संकष्टी असो नसो. आणि प्राजक्त आत्ता आहे गं. मे महिन्यात येणाऱ्याला काय दाखवू, नुसतं खोड?”

मी खरं आणि खोटं एवढाच भेद करत होते. काकू ‘आज खरं’ आणि ‘रोज खरं’ असा करत होत्या. जो तपशील ऋतूवर, तिथीवर किंवा घरातल्या बाईच्या उत्साहावर अवलंबून आहे, तो छापला की पाहुण्याच्या दृष्टीने वचन होतो. मग मी एक कसोटी ठरवली: कुठल्याही महिन्यातल्या बुधवारी दुपारी चार वाजता अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर हे वाक्य त्याला दाखवता येईल का? प्राजक्त गेला. मोदक गेले. स्टोव्ह माळ्यावर होता, तोही गेला. विहीर राहिली. जिना राहिला. पहाटे चारला काकांना येणारी जाग राहिली. ती ते म्हणतात तशी ‘बारमाही’ आहे.

एक मोह मुलाने घातला. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. त्यांचा जन्म १८६५ सालचा आणि बालपण याच गावातलं. मुलाला हवं होतं, ‘भारताच्या पहिल्या महिला डॉक्टरांच्या घराजवळ’. मी विचारलं, “किती जवळ?” त्याला सांगता येईना. काका म्हणाले, गल्लीत प्रत्येकजण वेगळी जागा दाखवतो. मग ते वाक्य लिहिता येत नाही. दुर्गाडी किल्ल्याचं तसं नाही. तो खाडीवर उभा आहे, जाऊन बघता येतो. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतलं आणि आरमाराची सुरुवात या खाडीवर झाली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण पहाटेच्या गाडीवाल्याला त्याचा काय उपयोग? ‘ऐतिहासिक नगरी’ म्हटल्याने त्याला रिक्षा लवकर मिळत नाही. मी दुर्गाडीलाही गाळलं. मुलगा यावर दोन दिवस बोलला नाही.

मधल्या काळात काकूंना मी एक काम दिलं होतं. फोनवर खोलीची चौकशी झाली की माणूस काय विचारतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायचं, दोन आठवडे. प्रश्न फार तर पाच-सहा निघाले आणि तेच तेच. स्टेशनपासून किती लांब. रात्री उशिरा आलो तर दार उघडाल ना. गाडी कुठे लावायची. अंडी चालतात का. आई-वडील बरोबर आहेत, जिना चढावा लागेल का. या पाचांपैकी एकाचंही उत्तर जुन्या परिच्छेदात नव्हतं. ‘सर्व आधुनिक सोयीसुविधा’ वाचूनही माणूस फोन करून हेच विचारत होता, म्हणजे त्या तीन शब्दांवर त्याचा मुळीच विश्वास नव्हता.

जिन्यावरून मात्र वाद झाला. सतरा पायऱ्या, सागवानी, उभ्या, कडेला धरायला दोर. मुलाचं म्हणणं, हे लिहिलं तर माणसं पळतील, वाईट बाजू आपण होऊन कशाला सांगायची? तेव्हा काकूंनी मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट काढली. एका लग्नासाठी एक आजी आल्या होत्या. गुडघ्यांनी अगदी बेजार. फोटोत खोली छान दिसली म्हणून नातवाने वरची घेतली. आजी चौथ्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. शेवटी काकूंनी माजघरात गादी घातली आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपल्या. खालची खोली त्या दिवशी एका परीक्षेच्या पोराला दिलेली होती. त्याला कुठलीही चालली असती. “एक ओळ लिहिली असती,” काकू म्हणाल्या, “तर पोरगा वर झोपला असता.”

मुलगा गप्प झाला. मला त्या क्षणी कळलं की मी इतके दिवस ‘ऊब’ चुकीच्या जागी शोधत होते. ‘आपुलकी’ हा शब्द लिहून कुणाला आपुलकी वाटत नाही. गुडघे दुखत असतील तर खालची खोली मागा, असं वाचलं की वाटते. आपण येण्याआधीच कुणीतरी आपल्या गुडघ्यांचा विचार केलेला असतो.

मग भाषेकडे वळले. जुना परिच्छेद मराठीत होता, पण मराठीत सुचलेला नव्हता. ‘शहराच्या हृदयात’ असं आपण बोलत नाही. आपण ‘भर गावात’ म्हणतो. ‘घरापासून दूर दुसरे घर’ हे सरळसरळ इंग्रजी पाटीचं भाषांतर. मराठी माणूस दुसऱ्याच्या घरी बरं वाटलं तर ‘परकं वाटलं नाही’ म्हणतो, आणि तेही जाताना, पायात चपला घालता घालता. ते यजमानाने आधीच स्वतःबद्दल म्हणायचं नसतं. ‘वास्तव्य’ काढून ‘उतरणं’ घेतलं. ‘भोजन’ काढलं. ‘आपण’ असं अदबीचं संबोधन काढून ‘तुम्ही’ केलं, कारण काकू दारात आलेल्याला ‘आपण यावे’ म्हणत नाहीत, ‘या, आधी पाणी घ्या’ म्हणतात.

सर्वांत जास्त वेळ गेला ‘उपलब्ध आहे’ या एका शब्दप्रयोगावर. न्याहारी उपलब्ध आहे, गरम पाणी उपलब्ध आहे, चहा उपलब्ध आहे. व्याकरण बरोबर, पण वाक्यात माणूसच नाही. जणू चहा आपला आपण उकळून कपात येऊन बसतो. मी ठरवलं, जिथे काम आहे तिथे करणारा दिसला पाहिजे. ‘पहाटे चहाची सोय उपलब्ध’ याचं झालं, ‘काका चहा करून देतात’. एवढं केल्यावर गोडव्याची वेगळी तजवीज करावी लागली नाही.

लांबीचीही मर्यादा होती. फोनच्या पडद्यावर पहिल्या तीन-चार ओळी दिसतात, बाकीचं दडलेलं असतं. जुन्या मजकुरात त्या ओळींत फक्त निसर्ग, इतिहास आणि संगम होता. म्हणून पहिल्याच तीन वाक्यांत घर कुठे आहे आणि इथे कोण उतरतं हे आलं पाहिजे, म्हणजे ज्याचं काम नाही तो तिथूनच परत फिरेल. गाड्यांच्या वेळा मुद्दाम घातल्या नाहीत. वेळापत्रक बदलतं आणि शिव्या काकांना बसतात. शेवटी जे उरलं ते हे:

“कल्याण पश्चिमेला पारनाक्याजवळच्या गल्लीत आमचं कौलारू घर आहे. त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. इथे बहुतेक जण एका रात्रीपुरते उतरतात: कुणाला पहाटे गाडी पकडायची असते, कुणाचं गावात लग्न असतं, कुणाला मुरबाडची पहिली एसटी गाठून गोरखगड चढायचा असतो. स्टेशन पायी वीसेक मिनिटं. रिक्षावाल्याला ‘पारनाका’ म्हणा. गल्ली अरुंद आहे, चारचाकी आत येत नाही. वरच्या खोलीला सतरा पायऱ्यांचा उभा लाकडी जिना आहे. गुडघे दुखत असतील तर माजघराशेजारची खालची खोली मागा. रात्री अकरानंतर येणार असाल तर तसं कळवा, आम्ही जागे राहू. सकाळी पोहे, उपमा किंवा थालीपीठ, त्या दिवशी घरात जे असेल ते. अंडी-मांस आमच्याकडे होत नाही. गाडी पहाटेची असेल तर काका चहा करून देतात, त्यांना तशीही चारला जाग येते. रात्री गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. चौकात विहीर आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवा.”

काकूंनी वाचून एकच दुरुस्ती केली. मी ‘रात्री अकरानंतर दार बंद असते’ असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून वर लिहिलं, ‘आम्ही जागे राहू’. माझ्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत यापेक्षा चांगली दुरुस्ती मला कुणी करून दिलेली नाही.

याने धंदा वाढला का, असं लोक विचारतात. मला सांगता येणार नाही. परिच्छेद बदलला तो लग्नसराईच्या तोंडावर. तेव्हा खोल्या एरवीही भरल्याच असत्या. दिसला तो बदल फोनमध्ये. स्टेशन किती लांब, हे विचारणं जवळजवळ थांबलं. त्याऐवजी लोक थेट “ती खालची खोली त्या तारखेला आहे का?” असं विचारू लागले. एकाने तर “आमच्याकडे दोन गुडघे आहेत” अशीच सुरुवात केली. पूर्वी कधीमधी येणारे आणि कल्याणात ‘निसर्ग’ न सापडल्याने फुरंगटून जाणारे पाहुणे आता येत नाहीत. त्यांची एखाददुसरी रात्र बुडाली असेल. मुलाला ती बुडालेली वाटते, काकूंना वाचलेली.

एक गोष्ट मी गृहीत धरली नव्हती. पोकळ वाक्य जुनं होत नाही. ‘अविस्मरणीय वास्तव्य’ पुढची पन्नास वर्षं तसंच ठेवता आलं असतं. नेमकं वाक्य मात्र घराबरोबर म्हातारं होतं. गेल्या पावसाळ्यात विहिरीवर जाळी बसवली, ती ओळ बदलली. मग दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी धूर आणि वाफ यांपासून काही दिवस लांब राहायला सांगितलेलं, आणि इकडे एक पाहुणा पहाटे साडेचारला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारत होता, “काका उठले का? त्यात लिहिलंय, चहा करून देतात.” काका उठले आणि एका डोळ्यावर पट्टी असताना त्यांनी चहा केला. काकू चिडल्या होत्या. पाहुण्यावर, काकांवर, आणि मला वाटतं, थोड्या माझ्यावरही.

“ती ओळ काढून टाकू?” मी विचारलं.

फोनवर दोघांची थोडी कुजबुज झाली. मग काकू म्हणाल्या, “काढू नकोस. ते म्हणतायत, काढलीस तर ऑपरेशननंतर माझं काय काम उरलं घरात? बदल फक्त.” आणि त्यांनीच सांगितलं, मी लिहून घेतलं: “गाडी पहाटेची असेल तर चहाचा थर्मास रात्रीच जिन्याखाली ठेवतो. काका जागे असतात. आवाज दिलात तर उत्तर देतील.”